कमानीतून दिसणारी इमारत

इमारतीचे छायाचित्र घ्यायचे म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांचे पाय आधी एखाद्या झाडाकडे वळतात. फांदीखाली उभे राहायचे, फांदी वरच्या कडेला येऊ द्यायची आणि मधल्या मोकळ्या जागेत इमारत बसवायची. कमान मिळाली तर मग काय, सोन्याहून पिवळे! छायाचित्रणाच्या प्रत्येक पुस्तकात ही युक्ती सांगितलेली असते आणि ती खोटीही नाही. जवळचे काळसर झाड आणि दूरची उजळ इमारत एकाच चित्रात आली की सपाट कागदाला खोली येते. डोळ्याला कळते की हे इथे आहे आणि ते तिथे आहे, मधे अंतर आहे. चित्रकार तर हे फार पूर्वीपासून करत आले आहेत. टॉमस आणि विल्यम डॅनियल हे इंग्रज चुलते-पुतणे १७९३ साली मुंबईत आले, घारापुरी आणि कान्हेरीची लेणी पाहून गेले; त्यांच्या हिंदुस्थानातल्या चित्रांत कडेला एखादे झुकलेले झाड आणि पलीकडे मंदिर, अशी मांडणी वरचेवर दिसते. कान्हेरीचा डोंगर म्हणजे आपल्या काशीमीऱ्याच्या पाठीमागच्याच जंगलातला. तेव्हा ही रीत आपल्या दारापर्यंत येऊन सव्वादोनशे वर्षे होऊन गेली.

माझी तक्रार युक्तीबद्दल नाही, तिच्या हव्यासाबद्दल आहे. आपल्या महाविद्यालयात भरणाऱ्या छायाचित्र प्रदर्शनांत मी नेहमी एक गोष्ट पाहते. चौकट झकास असते, पाने रेखीव असतात, आणि इमारतीचा दरवाजा बुंध्याआड गेलेला असतो. चर्च असेल तर क्रूस फांदीत अडकलेला. पाहणारे ‘वा!’ म्हणतात आणि पुढे जातात. ती इमारत कोणती, तिला किती खिडक्या आणि तिचे तोंड कसे, हे त्या चित्रावरून कुणालाही सांगता यायचे नाही.

माझे बाबा गवंडी आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे सौंदर्यदृष्टी वगैरे शब्द आमच्याकडे नाहीत, पण भिंतीकडे पाहण्याची नजर आहे. आमच्या गावठाणात एक जुने कौलारू घर होते. लाकडी खांबांचा ओटा, दारावर कोरलेली पट्टी. ते पाडून तिथे इमारत उभी राहिली. घरातल्या आजींकडे त्या घराचा एकच मोठा फोटो आहे, कुणा नातेवाइकाने हौसेने काढलेला. समोरच्या आंब्याची फांदी वरून आलेली, बुंधा डावीकडे, मधे घर. आजींनी तो कौतुकाने दाखवला तेव्हा बाबा बराच वेळ पाहत राहिले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “अगं, आंब्याचा फोटो बरा आलाय. पण ओटा कुठाय? दारावरची पट्टी कुठाय?” ती पट्टी बुंध्यामागे होती. आता ती कुठेच नाही. मीरा-भाईंदरमध्ये जुने घर दिसेनासे व्हायला एक पावसाळा पुरतो. अशा गावात फोटो हीच कधीकधी इमारतीची शेवटची जागा असते. म्हणून फांदीने काय झाकले, हा प्रश्न मला केवळ हौसेचा वाटत नाही.

तर मग चौकट सोडूनच द्यावी का? मला तसे वाटत नाही. चौकट ठेवूनही इमारतीचे तोंड मोकळे ठेवता येते. मात्र ते कॅमेऱ्याच्या किमतीने होत नाही, पायांनी होते. हे पटवण्यासाठी एक उदाहरण घेते. ते आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे, कारण आपल्या पदवीच्या कागदावर ज्या विद्यापीठाचे नाव असते त्याच विद्यापीठाचा हा राजाबाई टॉवर. भाईंदरहून लोकलने चर्चगेटला उतरावे आणि पाच-सात मिनिटे चालून ओव्हल मैदान गाठावे. मैदानाच्या पश्चिमेच्या कडेला उभे राहिले की पलीकडे पूर्वेला टॉवर दिसतो. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी देताना आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव टॉवरला द्यावे अशी अट घातली होती. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. पायाभरणी १८६९ साली झाली, काम १८७८ साली पुरे झाले. उंची २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर.

कॅमेरा काढण्याआधी मी एक गोष्ट करते आणि प्रत्येकाने करावी असे माझे मत आहे. वहीत चार ओळी लिहायच्या: या इमारतीतले काय झाकले गेले तर ती ही इमारत राहणार नाही? राजाबाई टॉवरची माझी यादी अशी आहे. तळाशी गाड्या येऊन थांबण्यासाठी केलेली कमानींची ड्योढी. वर घड्याळ. घड्याळाच्या वर चौकोनी मनोऱ्याचा अष्टकोन होतो ती जागा. कोनाड्यांत उभे असलेले पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे. आणि शेवटी टोक. यादी झाली की झाडाने काय झाकायचे नाही हे ठरते. मग उरलेल्या जागेत झाडाने खुशाल यावे.

आता फांदीचे गणित पाहू. गणिताला घाबरू नये, शाळेतले समरूप त्रिकोणच आहेत. आपण टॉवरपासून २०० मीटरवर उभे आहोत असे धरू. आपले डोळे जमिनीपासून दीड मीटरवर आहेत आणि समोर एका झाडाची फांदी पाच मीटर उंचीवर आडवी आली आहे. डोळ्यापासून फांदी साडेतीन मीटर वर. टॉवरचे टोक साडेत्र्याऐंशी मीटर वर. हिशेब केला तर फांदी आपल्यापासून साधारण साडेआठ मीटरवर असेल तेव्हा तिची खालची कड टॉवरच्या टोकाला बरोब्बर टेकलेली दिसते. याहून मागे सरलात की फांदी टॉवर कापू लागते. पंधरा मीटर मागे गेलात तर जमिनीपासून अठ्ठेचाळीस मीटरच्या वरचे सगळे पानांत जाते. म्हणजे टॉवरचा निम्म्याला थोडा कमी असा वरचा भाग. उलट सात मीटरवर उभे राहिलात तर टोक आणि फांदी यांच्यामध्ये साडेसोळा मीटरभर मोकळे आकाश राहते. तेवढे हवेच. टोक फांदीला टेकले की टॉवर फांदीला टांगल्यासारखा दिसतो आणि आणलेली सगळी खोली त्या एका ठिकाणी नाहीशी होते.

मग आणखी पुढे का जाऊ नये? कारण तिथे दुसरी मर्यादा आहे. साधा मोबाइल उभा धरला आणि मान वर न करता सरळ समोर रोखला, तर त्याला वरच्या बाजूला साधारण चौतीस अंशांपर्यंत दिसते. टॉवरचे टोक तेवीस अंशांवर आहे, ते आरामात मावते. पण पाच मीटरच्या आत गेलात की फांदी चित्राच्या बाहेर निघून जाते. फांदी पकडायला मोबाइल वर तिरपा केला की टॉवरच्या उभ्या कडा आत झुकतात आणि टॉवर मागे कलंडल्यासारखा दिसतो. गवंड्याच्या मुलीला ओळंब्यातून गेलेली भिंत सोसवत नाही! तेव्हा या फांदीसाठी आपल्याला मिळालेली पट्टी पाच ते आठ मीटरांची, म्हणजे चार-पाच पावलांची. लोक झाडापासून भलतीकडेच उभे राहतात आणि मग दोष फांदीला देतात.

बुंध्याचे गणित याहून कठोर आहे. अर्धा मीटर जाडीचा बुंधा पाच मीटरवर असला तर २०० मीटरवरची वीस मीटर रुंदी झाकतो. म्हणजे सबंध टॉवर त्याच्याआड जाऊ शकतो. पण हाच बुंधा ऐकतोही फार लवकर. एक पाऊल, साठ सेंटीमीटर, डावीकडे किंवा उजवीकडे टाकले की त्याने झाकलेली जागा टॉवरच्या पातळीवर तेवीस मीटरांनी सरकते. एका पावलात टॉवर आडचा मोकळा होतो. मला तर ही गोष्ट पहिल्यांदा जमली तेव्हा जादूच वाटली. जवळची चौकट आपल्या हातात असते ती अशी.

दूरचे झाड मात्र आपले ऐकत नाही. ओव्हलच्या कडेने उंच पाम आहेत. त्यांतले टॉवरच्या बाजूचे पाम आपल्यापासून दीडशे मीटरवर आणि टॉवरच्या पन्नास मीटर अलीकडे आहेत असे धरू. आपण दहा मीटर बाजूला चाललो तरी त्यांची जागा टॉवरवर जेमतेम सव्वातीन मीटर सरकते. बारा मीटर उंचीचा पाम टॉवरचा तळाकडचा पंधरा मीटरांचा भाग अडवतो. म्हणजे माझ्या यादीतली पहिलीच गोष्ट, ती कमानींची ड्योढी, पश्चिमेच्या कडेवरून नीट दिसण्याची खात्री नाही. इथे कितीही कसरत केली तरी उपयोग नाही. सरळ मान्य करावे की या चित्रात टॉवरचा वरचा भाग मिळेल, खालचा नाही. आणि खालच्यासाठी मैदान ओलांडून जवळून दुसरे चित्र घ्यावे. पुष्कळजण हे मान्य करत नाहीत. एकाच चित्रात सगळे आणायच्या नादात शेवटी दोन्ही हातचे जाते.

कमान फांदीसारखीच वागते असे वाटेल, पण तिच्यात एक फरक आहे. फांदी फक्त वरून कापते, कमान वरून आणि दोन्ही बाजूंनी कापते. मागे सरले की कमान लवकर लहान होते आणि पलीकडची इमारत मात्र फारशी लहान होत नाही. त्यामुळे कमानीतून दिसणारा इमारतीचा तुकडा आखडत जातो. पुष्कळांची समजूत नेमकी उलटी असते. मागे गेल्यावर जास्त मावेल असे त्यांना वाटते. उघड्या मैदानावर ते खरे आहे, पण कमानीमागे खरे नाही.

आपल्याला हे पाहायला खाडी ओलांडली की पुरे. वसईच्या किल्ल्यात, १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतलेल्या त्या किल्ल्यात, पोर्तुगीज काळातल्या चर्चांचे अवशेष आहेत आणि पडक्या भिंतींत कमानीही पुष्कळ आहेत. समजा तीन मीटर रुंदीची कमान आहे आणि तिच्या पलीकडे चोपन्न मीटरवर पंचवीस मीटर रुंदीची एक दर्शनी भिंत आहे. कमानीच्या सहा मीटर मागे उभे राहिले तर भिंतीच्या पातळीवर तीस मीटर दिसतात. भिंत पुरी मावते आणि दोन्ही अंगांना अडीच-अडीच मीटर मोकळे राहतात. बारा मीटर मागे गेलो तर साडेसोळा मीटरच दिसतात. भिंतीचे दोन्ही कोपरे गेले. कोपरे गेले की ही भिंत कुठे संपते हेच पाहणाऱ्याला कळत नाही. चर्चच्या दर्शनी भिंतीला मधला दरवाजा, वरचा त्रिकोणी माथा आणि दोन्ही कडा हेच तर मुख्य असते. म्हणून कमानीत पुढे सरकावे, भिंतीच्या कडा कमानीच्या आत पूर्ण दिसल्या की थांबावे आणि मग पाऊलभर आणखी पुढे जावे. कमान आणि इमारत यांच्यात थोडी फट राहिली पाहिजे. गोल कमानीखाली टोकदार माथा बसवताना ही फट वर जास्त लागते, कारण गोल कमान खांद्यापाशी आत वळते आणि कडेचे मनोरे असतील तर आधी त्यांना खाते.

आता उजेडाविषयी थोडेसे. चौकट काळी आणि इमारत उजळ, यावर सगळी खोली अवलंबून आहे. मोबाइलला मात्र हे कळत नाही. चित्रात काळे जास्त दिसले की तो सगळेच उजळवतो. मग कमानीचे दगड छान दिसतात आणि पलीकडची भिंत पांढरीफटक होऊन तिच्यावरचे कोरीव काम धुऊन जाते. यावर उपाय सोपा आहे. पडद्यावर इमारतीच्या भिंतीवर बोट ठेवून उजेड तिथे ठरवून घ्यावा. कमान काळी पडली तर पडू द्यावी. ती पाहायला आपण आलेलो नाही.

वेळही महत्त्वाची आहे. ओव्हलकडचे टॉवरचे तोंड पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य टॉवरच्या मागे असतो, तेव्हा घड्याळ आणि पुतळे सगळे एकाच राखाडी सावलीत जातात. दुपारी अडीच-तीननंतर ऊन तोंडावर येते आणि कुर्ल्याच्या त्या पिवळसर दगडाला उठाव मिळतो. पण फार उशीरही चालत नाही. सूर्य खाली उतरला की आपल्या पाठीमागून ऊन थेट फांदीखाली शिरते आणि काळी हवी असलेली पाने चकाकू लागतात. मग डोळा आधी पानांकडे जातो. डिसेंबरात तर हे चारच्या सुमारासच सुरू होते. पावसाळ्यात ढगांमुळे सगळीकडे सारखाच उजेड असतो. झाडे भरगच्च असतात, पण खोली कमी वाटते. मला स्वतःला फेब्रुवारी-मार्च आवडतो. काही झाडांची पाने गळलेली असतात आणि फांद्यांची नुसती रेघ राहते. तिने इमारत झाकली तरी मधून दिसतेच.

एक आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. झाड झाकते म्हणून वाईट, असे कसे? झाड जाहिरातीचा फलक झाकते, विजेच्या तारा झाकते, उभ्या गाड्या झाकते. मीरा रोडला मेट्रोचे खांब जिकडेतिकडे उभे आहेत. बुंध्याआड एखादा खांब घेतला तर काय बिघडले? काही बिघडले नाही. मीही घेते. पण त्या चित्राखाली आपण काय लिहितो ते पाहावे. ‘संध्याकाळ’ लिहिले तर ते चित्र आहे, त्यात काहीही लपवावे. इमारतीचे नाव लिहिले की तो पुरावा झाला. उद्या कुणी त्यावरून म्हणेल की इथे तेव्हा तारा नव्हत्या, खांब नव्हता, ओटा नव्हता.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्या मित्रांना आणि आमच्या सरांना माझी एक सूचना आहे. इमारतीचे चौकटीतून घेतलेले चित्र जरूर लावावे, बक्षीसही द्यावे. पण त्याच्या शेजारी, पोस्टकार्डाएवढे का होईना, त्याच इमारतीचे दुसरे चित्र मागावे. ते समोरून, आडोशाशिवाय, दोन्ही कोपरे आणि माथा दिसेल असे असावे. आणि खाली जागा, तारीख, कोणत्या बाजूचे तोंड आहे आणि किती पावलांवरून घेतले, हे लिहिलेले असावे. दुसरे चित्र रुक्ष दिसेल, मान्य आहे. परीक्षकांनी दोन्ही शेजारी ठेवून पाहावे की पहिल्या चित्रातल्या पानांनी दुसऱ्यातले काय काय नेले. मी तर बाबांनाच परीक्षक नेमावे असे म्हणणार होते, पण ते म्हणाले, “मला बोलावू नका, मी आधी ओळंबा लावीन.”

आपल्याकडे कामाची कमी नाही. उत्तन, डोंगरी, चौक, काशीमीरा या भागांत जुनी चर्च आहेत, घोडबंदरला किल्ला आहे, आणि गावठाणांतून कौलारू घरे अजून उरली आहेत. त्यांच्यासमोर माड आहेत, ताड आहेत, चिंचा आहेत. माडाचा बुंधा बारीक आणि झावळ्या वर. चौकटीला याहून सोयीचे झाड नाही, पण झावळी वाऱ्याने हलते. म्हणून एकाच जागेवरून पाच-सहा चित्रे घ्यावीत आणि ज्यात क्रूस सुटा दिसतो ते ठेवावे. चिंचेचा घेर मोठा. तिच्याखाली अगदी आत शिरून उभे राहावे लागते, नाहीतर छप्परच जाते. दिवाळीच्या सुट्टीत कुणी येणार असेल तर मी डोंगरीपासून सुरुवात करणार आहे. वही आणि पावले मोजायची तयारी, एवढेच बरोबर आणावे.